दिवाळीच्या शुभेच्छांसाठी फोटोचा बॅकग्राउंड बदलला की तो चिकटवलेला का दिसतो?

प्रश्न: आई-बाबांचा एक छान फोटो आहे, गणपतीत घरात काढलेला. गुडघ्यापर्यंत दोघे उभे आहेत, वर ट्यूबलाइट, मागे फिकट हिरवी भिंत आणि फ्रिज. तो फ्रिज काढून दिव्यांचा बॅकग्राउंड लावून दिवाळीची इमेज करायची आहे. तीन-चार फुकट अ‍ॅप वापरून पाहिले, पण दोघे कापून चिकटवल्यासारखेच दिसतात. बाबांचा पांढरा कुर्ता अर्धा खाल्ला जातो. शिवाय ग्रुपवर टाकल्यावर अक्षरं फाटतात. पैसे न भरता नीट जमेल असं अ‍ॅप कोणतं?

उत्तर:

अ‍ॅपची नावं पुढे देतो, पण तुमची अडचण अ‍ॅपमुळे आलेली नाही. माझा फोटो स्टुडिओ आणि डीटीपीचं काम आहे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस लोक असेच फोटो घेऊन येतात, आणि जवळपास सगळ्यांना वाटतं की कापणी नीट झाली नाही म्हणून फोटो चिकटवलेला दिसतो. कापणीचा दोष असतो, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. पहिला दोष उजेडाचा. आई-बाबांवर ट्यूबचा पांढरा, वरून पडणारा उजेड आहे आणि त्यांच्या मागे जमिनीवर ठेवलेल्या पणत्यांचा केशरी उजेड आहे. कापणी कितीही स्वच्छ केली तरी या दोन गोष्टी एका ठिकाणच्या वाटणार नाहीत. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं.

म्हणून कामाचा क्रम उलटा करा. आवडलेल्या बॅकग्राउंडमध्ये माणसं बसवायला जाऊ नका; माणसांवर जो उजेड आहे त्याला साजेसा बॅकग्राउंड शोधा. तुमच्या फोटोत नाकाखाली आणि हनुवटीखाली सावली असणार, म्हणजे उजेड वरचा आहे. मग पणत्यांची आरास पायाशी असलेलं चित्र बाद. पणत्यांच्या खऱ्या उजेडात सावल्या वरच्या दिशेला जातात, भुवयांच्या वर पडतात. त्या सावल्या उलटवणं फुकट अ‍ॅपच काय, माझ्या दुकानातल्या संगणकावरही वैतागवाणं काम आहे. तुम्हाला हवा तो आकाशकंदील. ओसरी किंवा बाल्कनी, वर एका बाजूला लावलेला कंदील, आणि पणत्या असल्याच तर लांब मागे कठड्यावर, लहान आणि पुसट. असा बॅकग्राउंड घेतला की वरून येणाऱ्या उजेडाला चित्रातच कारण मिळतं आणि निम्मं काम तिथेच होतं.

कंदील कोणत्या बाजूला हवा तेही फोटोच सांगतो. आईच्या चेहऱ्याचा कोणता गाल जास्त उजळ आहे ते बघा. कंदील त्या बाजूला. बॅकग्राउंडमध्ये तो नेमका उलट्या बाजूला असेल तर बॅकग्राउंड आडवा उलटवा, माणसांना उलटवू नका. माणसं उलटवली की आईचा पदर उजव्या खांद्यावर जातो, आणि हे तुमच्या लक्षात आलं नाही तरी एखाद्या मावशीच्या नक्की येतं. बॅकग्राउंड उलटवतानाही त्यात 'शुभ लाभ' किंवा स्वस्तिक नाही ना, एवढं तपासा. अक्षरं उलटी दिसलेली कळतात, स्वस्तिकाच्या भुजा उलट दिशेला वळलेल्या पटकन ध्यानात येत नाहीत.

दुसरी अट कॅमेऱ्याच्या उंचीची. तुमचा फोटो छातीच्या उंचीवरून समोरून काढलेला असणार. बॅकग्राउंडही तसाच समोरून काढलेला हवा. नेटवर दिवाळीचे म्हणून मिळणारे बरेचसे सुंदर फोटो रांगोळीचे आणि पणत्यांचे असतात आणि ते वरून खाली बघत घेतलेले असतात. त्यावर उभी माणसं ठेवली की ती रांगोळीवर आडवी झोपल्यासारखी दिसतात.

अशा अटी पाळणारा बॅकग्राउंड शोधण्यापेक्षा तो स्वतः काढणं मला सोपं वाटतं. सूर्य मावळल्यावर, आकाश निळं असेपर्यंतच्या वेळात, घरच्या किंवा शेजारच्या बाल्कनीतला पेटता कंदील छातीच्या उंचीवरून, फोन उभा धरून टिपा. माणसं जिथे बसवायची ती मधली जागा मोकळी ठेवा. पूर्ण काळोख झाल्यावर काढू नका. काळ्याभोर पार्श्वभूमीवर कापणीची प्रत्येक चूक उठून दिसते, कारण तुमची मूळ भिंत फिकट आहे आणि तिची पांढुरकी कड दोघांभोवती थोडी तरी उरणारच. संध्याकाळच्या निळसर-करड्या रंगात ती कड बरीच लपते. स्वतः काढणं शक्य नसेल तर पिक्साबे, पेक्सेल्स, अनस्प्लॅश या साइटवरून फुकट वापरायची परवानगी असलेला फोटो घ्या. गूगलच्या चित्रांत सापडलेला, कुणाचा तरी शिक्का पुसून घेतलेला फोटो घेऊ नका.

आता रंग. इथे एक क्रम पाळावा लागतो: रंग आधी, कापणी नंतर. रंगासाठी मी स्नॅपसीड वापरायला सांगतो. ते फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि ते फोटोवर स्वतःचा शिक्काही मारत नाही. पण कापलेला पारदर्शक फोटो त्यात उघडून पुन्हा सेव्ह केला की पारदर्शकपणा जातो आणि मोकळ्या जागी एकसलग रंग येतो. त्यामुळे अख्खा, न कापलेला फोटोच आधी त्यात घ्या. व्हाइट बॅलन्समध्ये तापमानाची पट्टी पिवळ्याकडे थोडी सरकवा. ट्यूब आणि हिरवी भिंत या दोघांमुळे त्वचेवर हिरवट झाक आलेली असेल, तीही काढा. त्यासाठी त्याच ठिकाणी टिंट नावाची दुसरी पट्टी आहे, ती गुलाबीकडे न्या. बाबांचा कुर्ता किंचित साईसारखा दिसू लागला की थांबा. त्वचा केशरी होईपर्यंत गेलात तर जास्त झालं.

मग उजळपणा. संध्याकाळच्या चित्रात सगळ्यात उजळ वस्तू कंदील असायला हवी. ट्यूबखालचा पांढरा कुर्ता जर कंदिलापेक्षा जास्त चमकत असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही तो कापून आणलेलाच वाटणार. ट्यून इमेजमध्ये ब्राइटनेस आणि हायलाइट्स खाली आणा. चेहरे फार काळवंडले तर सिलेक्टिव्हने चेहऱ्यावर टिंब ठेवून तेवढेच थोडे उजळा. नक्की किती करायचं हे डोळ्याला कळत नाही, कारण रंग फसवतात. म्हणून दोन्ही फोटोंवर, बॅकग्राउंडवर आणि आई-बाबांच्या फोटोवर, स्नॅपसीडचा ब्लॅक अँड व्हाइट क्षणभर लावून बघा आणि सेव्ह न करता परत या. करड्या रंगात कुर्ता उजळ की कंदील, याचं उत्तर लगेच मिळतं.

कापणीकडे येऊ. तुमचा फोन आयफोन XS, XR किंवा त्यानंतरचा असेल आणि त्यात आयओएस 16 किंवा पुढची आवृत्ती असेल, तर गॅलरीत माणसावर बोट दाबून धरलं की आकृती आपोआप सुटी होते. काही नव्या अँड्रॉइड फोनच्या गॅलरीतही ही सोय आली आहे. ती आधी करून बघा. नसेल तर प्ले स्टोअरवर Background Eraser शोधा, पण या नावाची बरीच अ‍ॅप आहेत, मी सांगतो ते handyCloset यांचं. जाहिराती येतात, पण फोटोवर शिक्का येत नाही आणि कापलेली आकृती पारदर्शक पीएनजी म्हणून सेव्ह होते. साइटवर फोटो चढवून बॅकग्राउंड काढून देणाऱ्या सेवा झटपट असतात, पण फुकटात बहुधा लहान आकाराचं चित्र देतात. मोठं हवं की पैसे. कॅनव्हाच्या फुकट आवृत्तीतही हे हत्यार हवं तितकं वापरता येत नाही.

handyCloset च्या अ‍ॅपमधला ऑटो प्रकार तुम्ही बोट ठेवाल त्या रंगासारखा आसपासचा रंग पुसत जातो. फ्रिज आणि हिरवी भिंत यासाठी तो चांगला. बाबांचा कुर्ता खाल्ला जातो तो यामुळेच: फिकट भिंत आणि पांढरं कापड त्याला एकच वाटतात आणि पुसणं भिंतीवरून कुर्त्यावर वाहत जातं. खालची थ्रेशोल्डची पट्टी कमी केली की वाहणं कमी होतं, पण कुर्त्याच्या कडेला मी ऑटो लावतच नाही. तिथे मॅन्युअल घ्यायचा आणि बोटाने कड पुसत जायची. ऑफसेट नावाची पट्टी वाढवली की पुसणारं वर्तुळ बोटापासून दूर सरकतं, म्हणजे आपण काय पुसतोय ते बोटाखाली झाकलं जात नाही. खाल्लेला भाग रिपेअरने परत आणता येतो, त्यामुळे थोडं जास्त पुसलं गेलं तरी घाबरायचं कारण नाही.

भरपूर मोठं करून तीन जागा मुद्दाम बघा. पहिली, कोपर आणि कंबर यांच्यामधली फट. तिथे हिरव्या भिंतीचा त्रिकोण हमखास राहतो. दुसरी, बांगड्यांच्या आणि हाताच्या मधली जागा. तिसरी, बाबांचा चष्मा. काचेच्या कडेतून भिंत दिसत असेल तर ती तशीच राहू द्या, पुसायला गेलात तर डोळ्याच्या बाजूला भोक पडतं. केसांचं म्हणाल तर सुटे उडणारे केस फोनवर कापायचा हट्ट धरू नका. डोक्याच्या आकाराच्या किंचित आतून पुसा, भुरभुरणारे केस जाऊ द्या. गजरा मात्र कडेकडेने नीट ठेवा. गजऱ्याची कड गुळगुळीत झाली की तो फुलांचा न वाटता कापसाचा वाटतो.

शेवटी हे अ‍ॅप कड किती मऊ करायची ते 0 ते 5 अशा आकड्यांत विचारतं. मी 1 किंवा 2 घेतो. 5 घेतलं की कापणीच्या चुका झाकल्या जातात हे खरं, पण खांदे आणि गाल धुक्यातून आल्यासारखे होतात.

इथे एक सांगून ठेवतो. आई-बाबा जवळच राहत असतील आणि पुन्हा फोटो काढणं शक्य असेल, तर वरची कुर्त्याची कटकट करूच नका. मागे गडद रंगाची, नक्षी नसलेली चादर लावा, दोघांना तिच्यापासून चार-पाच फूट पुढे उभं करा, आणि खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असं बघून फोटो घ्या. चादरीला चिकटून उभे राहिले तर त्यांची सावली चादरीवर पडते आणि अ‍ॅपला ती कुर्त्याचा भाग वाटते, म्हणून ते अंतर. ज्यांचा फोटो परत काढता येत नाही त्यांच्यासाठीच मॅन्युअलची मेहनत राखून ठेवावी.

जोडणीसाठी मी ibis Paint X वापरतो. हे चित्रं काढायचं अ‍ॅप आहे, पण थर एकावर एक ठेवण्याची सोय फुकटात इतकी मोकळी देणारं दुसरं मला फोनवर सापडलेलं नाही. 1080 × 1920 चा कॅनव्हास घ्या, हा स्टेटसचा उभा आकार. पहिल्या थरावर बॅकग्राउंड, त्यावर कापलेले आई-बाबा. फोटो आत घेताना हे अ‍ॅप रेखाचित्र वेगळं काढू का असं विचारतं, तिथे नको म्हणायचं, नाहीतर रंगीत फोटोच्या जागी नुसत्या रेघा येतात.

दोघांना ठेवायचं कुठे? फोटो गुडघ्यापर्यंतच आहे, तेव्हा त्यांची खालची कड चित्राच्या खालच्या कडेलाच टेकली पाहिजे, किंबहुना थोडी बाहेर गेली पाहिजे. मधेच गुडघ्यावर संपलेली माणसं हवेत तरंगतात. काही जण खालचा भाग धुरासारखा विरवतात. ती चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सची पद्धत. तिथे शोभते, आई-बाबांच्या फोटोला मला ती कधीच शोभलेली दिसली नाही. खालच्या जागेत झेंडूच्या फुलांची पट्टी किंवा मजकुराची पट्टी आली तर ती कड आपोआप झाकली जाते. तुमचा फोटो पावलांपर्यंत असता तर पायाखाली सावली रंगवावी लागली असती. गुडघ्यापर्यंत आहे म्हणून तुमचं ते काम वाचलं.

आता चिकटवलेपण घालवणारी खरी युक्ती. माणसांच्या थरावर नवीन रिकामा थर घ्या आणि त्याला क्लिपिंग लावा. क्लिपिंग म्हणजे या थरावर काहीही रंगवलं तरी ते खालच्या आकृतीच्या बाहेर जात नाही. थराचा प्रकार नॉर्मलऐवजी ओव्हरले करा. एअरब्रश मोठा घ्या, रंग कंदिलाचा केशरी, जोर अगदी कमी, आणि कंदिलाच्या बाजूचे केस, खांदा, बाही यांवरून एक-दोनदा फिरवा. तसाच दुसरा क्लिपिंगचा थर घेऊन त्याचा प्रकार मल्टिप्लाय करा आणि गडद निळसर-करड्या रंगाने विरुद्ध बाजूची कड आणि खालचा भाग थोडा दाबा. कडेला उरलेली भिंतीची पांढुरकी रेघही या दुसऱ्या थरात बुजते. केसांभोवती ती जास्त हट्टी असते. तिथे बारीक ब्रश घेऊन, साध्या नॉर्मल क्लिपिंग थरावर, केसांच्याच रंगाने ती रंगवून टाका. जास्त झालं का हे कळायला थर डोळ्याच्या खुणेने बंद-चालू करून बघा. चालू केल्यावर नजर आधी केशरी खांद्याकडे जात असेल तर थराची अपारदर्शकता कमी करा. खांद्याकडे लक्ष न जाता दोघे बाल्कनीत उभे वाटले पाहिजेत.

अजून एक फरक राहतो. तुमचा फोटो घरातल्या उजेडात काढलेला म्हणून थोडा दाणेदार असणार, आणि नेटवरचा बॅकग्राउंड गुळगुळीत. बॅकग्राउंडचा थर थोडा ब्लर करा, म्हणजे तो मागे गेल्यासारखा वाटेल. मग पूर्ण चित्र पीएनजी म्हणून बाहेर काढून स्नॅपसीडमध्ये ग्रेनी फिल्मचा अगदी हलका हात द्या. आता पारदर्शकपणाचा प्रश्न उरलेला नाही, त्यामुळे स्नॅपसीड चालेल. एकच दाणा दोन्हींवर पसरला की शिवण दिसेनाशी होते. दाणा जास्त करू नका, व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबतं तेव्हा जास्त दाण्याचा चिखल होतो.

मजकूर सगळ्यात शेवटी, PixelLab मध्ये. त्यात बाहेरून आणलेला फॉन्ट घालता येतो. गूगल फॉन्ट्सवरचे बालू 2 किंवा मुक्ता हे मुंबईच्या एक टाइपने केलेले फॉन्ट फुकट आहेत, युनिकोडमध्ये आहेत आणि जोडाक्षरं नीट दाखवतात. ओळखीच्या बॅनरवाल्याकडून आणलेले जुन्या पद्धतीचे फॉन्ट टाकलेत तर 'शुभेच्छा' टाइप केल्यावर तो फॉन्ट लागत नाही किंवा नुसते चौकोन येतात, कारण त्यांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. आणि पाठवण्याआधी 'हार्दिक' मधली वेलांटी पहिली आहे ना बघा. दरवर्षी 'हार्दीक' छापून आलेली चित्रं एवढी फिरतात की तीच बरोबर वाटू लागली आहेत.

अक्षरं फाटतात त्याची दोन कारणं असतात. व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं आणि तो दाबतं. त्या दाबण्यात रंगांचा तपशील उजळपणाच्या तपशिलापेक्षा जास्त टाकून दिला जातो. म्हणून केशरी किंवा निळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरं सगळ्यात आधी विस्कटतात आणि गडद भागावरची पांढरी किंवा फिकट पिवळी टिकतात. जाड वजनाचा फॉन्ट घ्या, बारीक सोनेरी किनार लावू नका. दुसरं कारण म्हणजे एकच चित्र पुन्हा पुन्हा जेपीजीत सेव्ह करणं. अ‍ॅपमधून अ‍ॅपमध्ये नेताना पीएनजी ठेवा आणि जेपीजी फक्त शेवटी, पूर्ण गुणवत्तेवर काढा.

पाठवताना एचडीचं बटण दाबा. ज्यांना छापायला हवं त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, तसं पाठवलेलं चित्र जसंच्या तसं पोचतं. कापलेले आई-बाबा भावाला पाठवायचे असतील तर तेही डॉक्युमेंट म्हणूनच. साध्या फोटोसारखे पाठवलेत तर पारदर्शकपणा जातो आणि तो म्हणतो कापलंच नाहीस. एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये टाकताना सेव्ह करून परत चढवू नका, थेट फॉरवर्ड करा. परत चढवलं की ते पुन्हा दाबलं जातं.

नवीन अ‍ॅप घ्याल तेव्हा दोन चाचण्या कामाला बसण्याआधी करा. कुठलाही एक फोटो घेऊन शेवटपर्यंत सेव्ह करून बघा, कारण शिक्का किंवा पैशांची मागणी बहुतेक वेळा सेव्हच्या बटणावर येते. 'फुकट ट्रायल' म्हणत कार्ड किंवा यूपीआय मागितलं तर तिथूनच परता. आणि फोन विमान मोडमध्ये टाकून कापणी करून बघा. इंटरनेट बंद असताना कापणी झाली म्हणजे ते काम फोनवरच होतंय. नाही झाली तर फोटो बहुधा कुणाच्या तरी सर्व्हरवर जातोय. आई-बाबांच्या फोटोला ते चालेल की नाही हे तुम्ही ठरवा. नातवंडांचे फोटो असतील तर मी फोनवर काम करणारंच अ‍ॅप घ्यायला सांगतो.